नळ्या बंद केल्या, आता रस किती तापेल?

साखर कारखान्यात गाळप ऐन भरात असताना प्रयोगशाळेतल्या एका परीक्षानळीत जांभळं कडं दिसतं, तेव्हा सगळ्यांच्या कपाळावर आठी पडते. ज्यूस हीटरमधून परत येणाऱ्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ निवून झालेल्या पाण्यात, अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकून वर सल्फ्युरिक आम्ल सोडतात. पाण्यात साखरेचा अंश असेल तर दोन थरांच्या सीमेवर हे कडं उमटतं. नळीतल्या रसाचा दाब बाहेरच्या वाफेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे नळीला भोक पडलं की रस वाफेच्या बाजूला उतरतो आणि साखर कंडेन्सेटमध्ये जाते. ते पाणी बॉयलरला गेलं तर साखर तिथल्या उष्णतेत फुटून आम्लं तयार होतात, पाणी फेसाळतं आणि बॉयलरच्या नळ्यांना धोका पोहोचतो. म्हणून हीटर बंद करतात, बाहेरच्या कवचात पाणी भरून दाब देतात आणि कोणत्या नळीच्या तोंडातून पाणी येतं ते पाहतात. ती नळी सापडली की दोन्ही टोकांना निमुळता प्लग ठोकून कायमची बंद केली जाते. तासाभरात हीटर पुन्हा चालू.

एका नळीने काही बिघडत नाही. पण हंगाम पुढे सरकतो तशी बंद नळ्यांची संख्या वाढत जाते. दहा, वीस, तीस. मग प्रश्न उभा राहतो : उरलेल्या नळ्यांवर रस किती अंशांपर्यंत तापेल? आणि त्याच वेळी गाळप वाढवायचं ठरलं तर? याचं उत्तर हीटर चालू करून बघण्याआधीच, कागदावर, साध्या कॅल्क्युलेटरने काढता येतं. त्यासाठी लागणारं साधन म्हणजे परिणामकारकता आणि एनटीयू ही दोन माणसांची जोडी म्हणावी अशी दोन मापं. हिशेब एकदा हाताने करून पाहिला की हीटरकडे बघण्याची दृष्टीच बदलते, हा माझा ठाम विश्वास आहे. म्हणून इथे एकच हीटर घेऊन तो शेवटपर्यंत नेऊ.

आपला हीटर आहे सल्फिटेशननंतरच्या रसाचा. उसाच्या रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड मिसळून झालं की तो रस क्लॅरिफायरमध्ये निवळायला सोडण्याआधी साधारण 102 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. दिवसाला सुमारे 3,500 टन ऊस गाळणारा कारखाना धरू. तासाला 150 टन रस या हीटरमधून जातो. तो आत येतो 82 अंशांना आणि बाहेर पडतो 102 अंशांना. तापवणारी वाफ बाष्पीभवनाच्या पहिल्या बॉडीतून काढलेली, 112 अंशांची. हीटरमध्ये 4 मीटर लांबीच्या, 45 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या 320 नळ्या आहेत. रस एका वेळी 16 नळ्यांतून वर जातो, वळतो, पुढच्या 16 नळ्यांतून खाली येतो, आणि अशा 20 फेऱ्या मारून बाहेर पडतो. नळ्यांचं एकूण बाहेरचं क्षेत्रफळ 181 चौरस मीटर.

आता दोन आकडे काढायचे. पहिला रसाचा. सेकंदाला 41.7 किलो रस, आणि एक किलो रस एक अंशाने तापवायला सुमारे 3.84 किलोज्यूल. गुणाकार केला की 160 किलोवॅट येतात. म्हणजे वाहता रस एका अंशाने तापवायचा तर सतत 160 किलोवॅट उष्णता द्यावी लागते. या आकड्याला C म्हणू. ही रसाची मागणी. रस 20 अंशांनी तापतो, म्हणून हीटरचं एकूण काम 3,200 किलोवॅट.

दुसरा आकडा हीटरचा. वाफ आणि रस यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना सगळ्या नळ्या मिळून किती उष्णता पलीकडे नेतात, हे तो सांगतो. नळीच्या एका चौरस मीटरची क्षमता U आणि एकूण क्षेत्रफळ A, यांचा गुणाकार म्हणून त्याला UA म्हणतात. ही हीटरची ताकद. आपल्या हीटरसाठी ती 176 किलोवॅट प्रति अंश आहे. हा आकडा कुठून आला ते लगेच पाहू.

ताकदीला मागणीने भागलं की एनटीयू मिळतो. 176 भागिले 160, म्हणजे 1.1. त्याला एकक नाही. वाहणाऱ्या रसाच्या मानाने हीटर किती मोठा आहे, एवढंच तो सांगतो. नळ्या कमी झाल्या की वरचा आकडा घटतो, रस वाढला की खालचा वाढतो. दोन्ही बदल याच एका अपूर्णांकात येऊन मिळतात.

उष्णतेच्या यंत्रांचा अभ्यास करताना आपल्याला आधी दुसरी पद्धत शिकवली जाते : दोन्ही टोकांच्या तापमानांतल्या फरकांची लॉगरिदमिक सरासरी काढायची, तिला UA ने गुणायचं, काम मिळालं. नवीन हीटर किती मोठा हवा हे ठरवताना ती पद्धत उत्तम, कारण तेव्हा चारही तापमानं आपणच ठरवलेली असतात. नळ्या बंद केल्यानंतर मात्र परिस्थिती उलटी होते. हीटर समोर आहे, आत येणारी तापमानं माहीत आहेत, आणि बाहेर पडणारं तापमान हेच तर शोधायचं आहे. त्याच्याशिवाय ती सरासरी काढता येत नाही. मग अंदाज धरा, हिशेब करा, चुकला की पुन्हा धरा, अशी शोधाशोध करावी लागते. परिणामकारकतेच्या पद्धतीत ती टळते, कारण तिला फक्त आत येणारी तापमानं लागतात. विल्यम केज आणि ए. एल. लंडन या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या 1955 च्या ‘कॉम्पॅक्ट हीट एक्स्चेंजर्स’ या पुस्तकामुळे ही पद्धत जगभरच्या अभियंत्यांच्या हाती गेली.

रस आत येतो तेव्हा त्याच्यात आणि वाफेत 30 अंशांचं अंतर असतं. हीटर कितीही मोठा केला, तरी रस वाफेपेक्षा जास्त तापू शकत नाही. म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणारी वाढ 30 अंश. प्रत्यक्षात मिळाली 20. या दोहोंचं गुणोत्तर, 0.667, ही परिणामकारकता. वाफ निवताना तिचं तापमान बदलत नाही, त्यामुळे हिशेब विलक्षण सोपा होतो :

```
NTU = UA / C
ε   = 1 − e^(−NTU)
T_out = T_vap − (T_vap − T_in) · e^(−NTU)
```

यातली शेवटची ओळ मला सगळ्यांत जवळची वाटते. ती सांगते की किती अंतर तोडलं यापेक्षा किती अंतर उरलं याकडे बघा. नळीच्या प्रत्येक समान तुकड्यात रस उरलेल्या अंतराचा सारखाच हिस्सा तोडतो. सुरुवातीला अंतर मोठं असतं म्हणून रस भराभर तापतो, पुढे अंतर आटत जातं तसा वेग मंदावतो. आपल्या हीटरमध्ये एनटीयू 1.1 आहे. e चा उणे 1.1 घात 0.333, म्हणजे तीस अंशांपैकी एक तृतीयांश, 10 अंश, उरतात. 112 वजा 10, बरोबर 102. UA 176 कसा आला तेही इथेच कळतं. हीच ओळ उलटी वाचायची : 30 भागिले 10, त्याचा नैसर्गिक लॉग 1.1, त्याला 160 ने गुणा. हीटरची ताकद कुठल्याही कॅटलॉगमधून आणलेली नाही. आजच्या तीन तापमानांनी आणि रसाच्या प्रवाहाने ती सांगितली. ती ताज्या धुलाईनंतरची, प्लग नसतानाची ताकद आहे, असं धरू.

आता नळ्या बंद करू. 320 पैकी 32 गेल्या, म्हणजे दर दहांतली एक, आणि त्या सगळ्या फेऱ्यांमध्ये साधारण सारख्या वाटलेल्या. पहिला, भाबडा हिशेब असा : क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी घटलं, एनटीयू 0.99 झाला, उरलेलं अंतर 11.2 अंश, रस बाहेर पडेल 100.8 अंशांना. काम 3,200 वरून सुमारे 3,015 किलोवॅटवर. दहा टक्के नळ्या गेल्या तरी काम घटलं सहा टक्क्यांहून किंचित कमी. कारण उघड आहे : रस कमी तापला म्हणून नळ्यांच्या शेवटच्या भागात वाफेशी असलेलं अंतर वाढलं, आणि उरलेल्या नळ्या थोडं जास्त काम करू लागल्या. हीटर जितका ऐसपैस, तितकी ही भरपाई मोठी. एनटीयू 3 असलेल्या हीटरमध्ये दहा टक्के नळ्या गेल्या तर काम दोन टक्क्यांनीही घटत नाही. एनटीयू 0.3 असलेल्यात मात्र जवळजवळ नऊ टक्के जातात. म्हणून ‘दहा टक्क्यांपर्यंत नळ्या बंद केल्या तरी चालतं’ हा कारखान्यांत ऐकू येणारा नियम मला पटत नाही. कोणत्या हीटरच्या, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

भाबड्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली. रस तेवढाच आहे आणि नळ्या कमी आहेत, म्हणजे उरलेल्या नळ्यांतून तो अकरा टक्के जास्त वेगाने जाणार. वेग वाढला की नळीच्या भिंतीलगतचा रसाचा सुस्त थर पातळ होतो आणि उष्णता सुलभ जाते. खळाळत्या प्रवाहात ही सुधारणा वेगाच्या 0.8 घाताने होते. अकरा टक्के वेगवाढीने ती सुमारे नऊ टक्के येते.

पण नऊ टक्के कशाची? फक्त त्या एका थराची. वाफेपासून रसापर्यंत जाताना उष्णतेला एकामागून एक अडथळे ओलांडावे लागतात : नळीबाहेर साचलेल्या कंडेन्सेटचा थर, त्यात मिसळलेली हवा, धातूची भिंत, आतल्या बाजूला चिकटलेलं स्केल, आणि सर्वांत शेवटी रसाचा थर. आपल्या हीटरमध्ये रस सेकंदाला 1.8 मीटरहून अधिक वेगाने जातो. त्या वेगाला रसाच्या थराचा अडथळा एकूण अडथळ्याच्या जेमतेम एक अष्टमांश भरतो. मोठा वाटा स्केलचा, कारण धुलाईनंतरही कॅल्शियमच्या क्षारांचा एक चिवट थर मागे राहतोच. एक अष्टमांशात नऊ टक्क्यांची सुधारणा म्हणजे एकूण ताकदीत फक्त एक टक्का. दुरुस्त हिशेब : एनटीयू 1.0, उरलेलं अंतर 11 अंश, रस 101 अंशांना बाहेर.

हाच एक टक्का दुसऱ्या यंत्रात वेगळा निघाला असता. नळ्या स्वच्छ आहेत, आतून जाणाऱ्या द्रवाचा थर हाच जवळजवळ सगळा अडथळा आहे, असा एखादा कूलर घ्या. तिथे दहा टक्के नळ्या बंद केल्या तरी वेगवाढीमुळे ताकद फक्त दोन टक्क्यांनी घटते. प्लग तितकेच, नुकसान सुमारे एक चतुर्थांश. फरक नळ्यांच्या संख्येत नाही, अडथळा कुठे बसला आहे त्यात आहे. म्हणून बंद नळ्यांचा हिशेब करताना U तसाच ठेवणारा माणूस स्वच्छ कूलरला उगीच घाबरतो. आणि U ला सरसकट 0.8 घात लावणारा माणूस स्केल बसलेल्या हीटरवर नको तेवढा भरवसा ठेवतो.

आता दुसरा बदल. नळ्या सगळ्या चालू आहेत, पण गाळप वाढलं आणि रस पंधरा टक्क्यांनी वाढला. मागणी 160 वरून 184 झाली. वेग वाढल्यामुळे ताकद एक टक्का आणि थोडी वर गेली, पण मागणीच्या मानाने ती वाढ नगण्यच. एनटीयू 0.97, उरलेलं अंतर 11.4, रस बाहेर पडतो 100.6 अंशांना. तापमान घटलं. काम मात्र 184 गुणिले 18.6, म्हणजे सुमारे 3,420 किलोवॅट झालं. ते वाढलं! हीटर आधीपेक्षा जास्त उष्णता देतो आहे आणि तरीही रस कमी तापतो आहे. पाळीवरचे लोक थर्मामीटरकडे पाहून ‘हीटर बसला’ म्हणतात, तेव्हा आधी प्रवाह विचारावा. हीटर बसलेला नसतो. त्याच्यावर भार वाढलेला असतो. हा फरक कळला नाही तर नाहक हीटर उघडला जातो आणि धुलाईत अर्धा दिवस जातो.

दोन्ही बदल एकत्र आले तर? 32 नळ्या बंद आणि रस पंधरा टक्के जास्त. वेग 28 टक्क्यांनी वाढतो, त्यातून ताकदीला दोन टक्के मिळतात, पण दहा टक्के नळ्या गेलेल्याच आहेत. एनटीयू 0.88 वर येतो, अंतर साडेबारा अंश उरतं, रस 99.5 अंशांना बाहेर पडतो. 102 वरून साडेनव्व्याण्णव. ऐकायला अडीच अंश फार वाटत नाहीत, पण ते कुठे लागतात ते पाहा.

हीटरनंतर रस फ्लॅश टँकमध्ये जातो. तिथे दाब हवेइतका असतो, त्यामुळे उकळबिंदूच्या वर असलेला रस क्षणभर उसळतो आणि त्यात अडकलेली हवा निघून जाते. रसात भुशाचे बारीक तंतू असतात, त्यांना हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात. ते सुटले नाहीत तर तंतू क्लॅरिफायरमध्ये तळाला बसण्याऐवजी तरंगत राहतात आणि निवळ रसाबरोबर पुढे जातात. कोल्हापूरसारख्या, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या भागात रस साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतो. 102 अंशांच्या रसाकडे उसळण्यासाठी साडेतीन अंशांची शिल्लक होती. 99.5 ला ती एका अंशावर आली. किनाऱ्यालगतच्या, सखल भागातल्या कारखान्यात तर ती शून्याखाली गेली असती आणि रस उसळलाच नसता. रस निवळण्याचा बिघाड शोधताना लोक चुन्याचं प्रमाण आणि पीएच तपासत बसतात. बऱ्याचदा कारण हीटरच्या या अडीच अंशांत दडलेलं असतं.

इथपर्यंत आपण धरलं की रस आपण म्हणू तितका येतो. प्रत्यक्षात पंपाला हे मान्य असेलच असं नाही. नळ्या कमी झाल्या आणि प्रवाह तोच ठेवला, तर दहा टक्के प्लगमुळे दाबातली घट सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. प्लग एकाच फेरीत एकवटले असतील तर गोष्ट आणखी वेगळी. 16 पैकी चार नळ्या एकाच फेरीत बंद झाल्या, तर तिथला वेग तिपटीच्या आत पण एक तृतीयांशाने जास्त होतो आणि त्या फेरीतली दाबघट सुमारे दोन तृतीयांशांनी वाढते. म्हणून प्लग मारताना किती नळ्या बंद केल्या याबरोबर कोणत्या फेरीत केल्या याचाही नकाशा ठेवायला हवा. सेंट्रिफ्युगल पंप वाढत्या दाबाला थोडा प्रवाह सोडून उत्तर देतो.

आणि मग एक फसवं दृश्य तयार होतं. समजा 32 नळ्या बंद आहेत आणि प्रवाह न सांगता आठ टक्क्यांनी घटला. मागणीही आठ टक्क्यांनी घटली, एनटीयू 1.08 वर आला, उरलेलं अंतर 10.2 अंश. रस 101.8 अंशांना बाहेर पडतो आहे! थर्मामीटर बघणारा समाधानाने मान डोलावतो : प्लगचा काहीच परिणाम नाही. काम मात्र 3,200 वरून 2,910 किलोवॅटवर, म्हणजे नऊ टक्क्यांनी खाली आलं आहे. याची खूण तापमानात सापडणार नाही. ती हीटरच्या आधीच्या टाकीत सापडते, जिथे रसाची पातळी हळूहळू वर चढत असते. बाहेर पडणारं तापमान आणि प्रवाह हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हीटरबद्दल काहीही बोलू नये.

म्हणूनच मी रोजच्या नोंदवहीत तापमानांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा असं आग्रहाने म्हणतो : त्या दिवसाचा UA. वाफेचं तापमान वजा आत येणाऱ्या रसाचं, भागिले वाफेचं वजा बाहेर पडणाऱ्या रसाचं. त्याचा लॉग, गुणिले C. अर्ध्या मिनिटाचं काम. पण हा रकाना महिनाभर भरला की हीटर स्वतःची तब्येत सांगू लागतो. स्केल बसतं तेव्हा UA रोज थोडा थोडा उतरतो. नळ्या बंद केल्या की तो त्याच दिवशी एक पायरी खाली येतो, आणि ती पायरी केवढी असावी हे आपण आधीच काढलेलं असतं. आपल्या 32 नळ्यांसाठी ती नऊ टक्क्यांची. पायरी त्याहून मोठी निघाली तर प्लगखेरीज दुसरंही काही घडलं आहे.

ते दुसरं बहुतेक वेळा वाफेच्या बाजूला असतं. न निवणारे वायू कवचात साचले की ते नळ्यांभोवती पांघरुणासारखे बसतात आणि UA घसरतो. वायू सोडण्याचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडल्यावर तो तासाभरात वर आला, तर निदान झालं. आणखी एक खूण आहे : कवचातला दाब 112 अंशांच्या शुद्ध वाफेचा दाखवतो आणि तिथलं थर्मामीटर मात्र दोन-तीन अंश कमी दाखवतं, तेव्हा त्या दाबात हवेचा वाटा आहे. कंडेन्सेटचा निचरा अडला तर खालच्या भागातल्या नळ्या पाण्यात बुडतात. प्लग न मारता क्षेत्रफळ घटल्यासारखंच ते असतं, आणि हिशेबातही तसंच दिसतं. ते ओळखायला कवचाची लेव्हल ग्लास पाहावी लागते.

आपला सगळा हिशेब सोपा झाला तो एका बाजूला वाफ होती म्हणून. औष्णिक वीजकेंद्राच्या कंडेन्सरमध्येही हेच सूत्र चालतं, पण तिथे टर्बाइनमधून येणाऱ्या वाफेचं प्रमाण ठरलेलं असल्यामुळे काम कमी होत नाही. नळ्या बंद केल्या की वाफेचं तापमान आणि दाब वर चढतो आणि टर्बाइनची वीज घटते. दोन्ही बाजूंना द्रव असले तर दोघांचीही तापमानं बदलत जातात. मग दोघांच्या C पैकी लहान C घेऊन एनटीयू काढायचा, आणि दोन C चं गुणोत्तर व प्रवाहांची मांडणी यांनुसार वेगळं सूत्र लावायचं. दोन्ही C सारखे आणि प्रवाह समोरासमोरून असतील, तर परिणामकारकता म्हणजे एनटीयू भागिले एक अधिक एनटीयू. आपल्याच 1.1 ला तिथे 0.667 ऐवजी 0.524 मिळाले असते. प्रवाह बदलताना लहान C कोणत्या बाजूचा, हे पुन्हा तपासावं लागतं, कारण बाजू पालटू शकते.

या हिशेबाची एक मर्यादा मात्र आपल्या हीटरलाही लागू आहे. वाफ 112 अंशांची राहील असं आपण धरलं. ती पहिल्या बॉडीतून येते आणि त्या बॉडीवर इतर हीटर आणि पॅनही लटकलेले असतात. गाळप वाढलं की तिथला दाब खाली येऊ शकतो. वाफ एक अंशाने थंड झाली तर आपला रस अंशाच्या दोन तृतीयांशाने कमी तापतो. परिणामकारकतेचा आकडाच तो. म्हणून वाढीव गाळपाचा हिशेब करताना वाफेचं तापमान त्या दिवशीचं घ्यावं, जुन्या नोंदीतलं नाही.

शेवटी कारखान्याला जे ठरवायचं असतं ते नळ्यांत नव्हे, दिवसांत. समजा या हीटरमधून रस किमान 100 अंशांना बाहेर पडलाच पाहिजे असं ठरवलं. उरलेलं अंतर 12 अंशांपेक्षा जास्त चालणार नाही, म्हणजे एनटीयू किमान 0.92 हवा. धुलाईनंतर तो 1.10 असतो, आणि स्केलमुळे रोज 0.02 ने उतरतो असं नोंदवहीवरून दिसलं, तर नऊ दिवस मिळतात. 32 नळ्या बंद केल्यावर धुलाईनंतरचा एनटीयूच 1.0 पासून सुरू होतो. मग चार दिवसांत हीटर पुन्हा धुवायला काढावा लागतो. बदली हीटर तयार असेल तर ते झेपतं. नसेल तर या 32 नळ्या पुढच्या गाळपबंदीची वाट न पाहता बदलायच्या, की रसाचा प्रवाह कमी ठेवायचा, हे ठरवताना चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांच्यासमोर नऊ आणि चार हे दोन आकडे असायला हवेत.